रिक्रूटरचा फोन झाल्यावर पाठवायचा मेल

पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या कुठल्याही रिक्रूटरच्या लॅपटॉपवर दिवसभर एक एक्सेल शीट उघडी असते. तिला ट्रॅकर म्हणतात. एका उमेदवाराला एक ओळ. नाव, एकूण अनुभव, नेमका लागणारा अनुभव, सीसीटीसी म्हणजे सध्याचा वार्षिक पगार, ईसीटीसी म्हणजे अपेक्षित पगार, एनपी म्हणजे नोटीस पिरियड, मग सध्या राहता ते शहर आणि पसंतीचं शहर. मोठ्या कंपनीत एक्सेलऐवजी भरतीचं सॉफ्टवेअर असतं, पण रकाने हेच. पहिल्या फोनवर तुम्ही पंधरा-वीस मिनिटं जे बोलता, त्यातलं या रकान्यांत मावेल तेवढंच पुढे जातं.

रकान्यात आकडा मावतो, पण त्याला जोडलेली अट मावत नाही. ‘तीन महिने आहेत, पण एखादा महिना कमी करून घेता येईल, पैसे भरावे लागतील’ असं तुम्ही बोलता आणि रकान्यात कधी ‘90’ पडतं, कधी ‘60’. ‘सोळापर्यंत मिळाले तर बरं, पण फिक्स्ड किती त्यावर आहे’ याचं ‘16’ होतं. ‘पुणे हवं, अगदीच वेळ आली तर मुंबई बघू’ याचं होतं ‘कुठेही चालेल’. यात रिक्रूटरचा वाईट हेतू नसतो. संध्याकाळपर्यंत त्याला अशा बऱ्याच ओळी भरून पुढे पाठवायच्या असतात आणि वरचा माणूस ओळी वाचतो, संभाषणं नाही.

म्हणून फोन ठेवल्यावर त्याच दिवशी एक छोटा मेल पाठवायचा. बोलताना ठरलेल्या तीन गोष्टी त्यांच्या अटींसकट लिहायच्या: नोटीस, पगार, गाव. बरेच उमेदवार हा मेल पाठवत नाहीत, किंवा ‘बोलून छान वाटलं, संधीबद्दल आभार’ एवढंच पाठवतात. भरतीच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की आभाराचा मेल नाही पाठवला तरी कुणाचं काही बिघडत नाही. अटींचा मेल नाही पाठवला तर मात्र ऑफर येते तेव्हा बिघडतं, आणि तोवर दुरुस्तीची सोय फार थोडी उरलेली असते.

एक उदाहरण सगळ्या तपशिलांसह घेऊ. कोथरूडला राहणारी एक टेस्टर, सहा वर्षांचा अनुभव. सध्याचा पगार वर्षाला 12 लाख, म्हणजे सीटीसी. नेमणूकपत्रात नोटीस 90 दिवसांची. मंगळवार, 10 फेब्रुवारी 2026 ला दुपारी तिला एका कन्सल्टन्सीतून फोन येतो. जागा सीनियर टेस्ट इंजिनिअरची, कंपनीची कार्यालयं पुणे, बंगळुरू आणि हैदराबादला. फोनवर ती तीन गोष्टी सांगते: नोटीस तीन महिन्यांची आहे, अपेक्षा सोळा लाखांची आहे, गाव पुणे.

आधी नोटीस बघू, कारण कंपनीला सगळ्यात जास्त घाई तिचीच असते. ट्रॅकरमध्ये ‘90 दिवस’ पडलं की ज्याच्या टीममध्ये जागा रिकामी आहे तो मॅनेजर बोटं मोजायला लागतो, आणि मोजणी फोनच्या दिवसापासून करतो. 10 फेब्रुवारीनंतरचा नव्वदावा दिवस 11 मे. म्हणजे मेच्या मध्यावर माणूस मिळेल, असा त्याचा हिशोब होतो. पण आपल्या टेस्टरने राजीनामा दिलेला नाही आणि ऑफर लेटर हातात येईपर्यंत ती तो देणारही नाही, देऊही नये. मुलाखतीच्या फेऱ्या, पगाराची चर्चा, वरची मंजुरी यांत तीन आठवडे सहज जातात. समजा सोमवार, 2 मार्चला ऑफर आली आणि तिने त्याच दिवशी राजीनामा टाकला. तो दिवस धरून मोजलं तर मार्चचे 30, एप्रिलचे 30 आणि मेचे 30 असे नव्वद दिवस शनिवार, 30 मे रोजी पुरे होतात. नव्या जागी ती लवकरात लवकर सोमवार, 1 जूनला हजर होऊ शकते. मॅनेजरच्या डोक्यातल्या तारखेपेक्षा तीन आठवडे उशिरा. हे त्याला ऑफरच्या वेळी कळलं तर ‘हिने आधी वेगळं सांगितलं होतं’ असं वाटतं आणि नाराजी उमेदवाराच्या नावावर जमा होते.

म्हणून मेलमध्ये नुसते दिवस न लिहिता ते कधीपासून मोजायचे हेही लिहावं. ‘राजीनामा दिलेला नाही, ऑफर लेटर मिळाल्यावर देईन, तिथून 90 दिवस’ एवढं पुरतं. राजीनामा आधीच दिला असेल, म्हणजे तुम्ही ‘सर्व्हिंग नोटीस’ असाल, तर दिवस लिहूच नका. शेवटच्या कामाच्या दिवसाची तारीख लिहा. तिला सगळे एलडब्ल्यूडी म्हणतात आणि रिक्रूटरला तीच लागते. ‘आता 40 दिवस उरलेत’ असं लिहिलं तर तो आकडा रोज शिळा होतो. तारखेला तो त्रास नाही.

मग येतो बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटणं. फोनवर जवळजवळ प्रत्येक रिक्रूटर विचारतो, ‘निगोशिएबल आहे का?’ आणि घाईत तोंडातून ‘हो’ निघून जातं. पण ही गोष्ट एकट्या उमेदवाराच्या हातात नसते. काही नेमणूकपत्रांत पैसे भरून सुटायचा हक्क कर्मचाऱ्याला दिलेला असतो, पण बऱ्याच पत्रांत लवकर सोडायचं की नाही हे कंपनीच्या मर्जीवर ठेवलेलं असतं, आणि प्रोजेक्ट नाजूक वळणावर असेल तर मॅनेजर नाही म्हणतो. पैसे कशावर मोजायचे हेही पत्रातच लिहिलेलं असतं. आपल्या टेस्टरचा मूळ पगार, म्हणजे बेसिक, महिन्याला 45,000 आहे आणि एकूण मासिक पगार 81,667. एक महिना विकत घ्यायचा तर बेसिकवर 45,000 भरावे लागतील आणि एकूण पगारावर जवळजवळ दुप्पट. ही रक्कम नवी कंपनी भरून देईल का, हे फोनवरच विचारायचं. ‘हो’ म्हणाले तरी ते पैसे बहुधा रुजू झाल्यावर, पावती दाखवल्यावर मिळतात, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर परत करायची अट सोबत येते. उरलेल्या रजा नोटिशीत वळत्या होतील, असंही बरेच जण गृहीत धरतात. कित्येक कंपन्यांत ते होत नाही, उलट नोटिशीच्या काळात रजा घेतली की शेवटचा दिवस तितकाच पुढे सरकतो. मेल लिहायच्या आधी नेमणूकपत्र उघडून ते कलम एकदा वाचलं की मगच ‘एक महिना कमी होऊ शकतो’ हे वाक्य जबाबदारीने लिहिता येतं.

पगाराचा भाग सगळ्यात निसरडा आहे, आणि नुकसानही तिथेच सगळ्यात मोठं होतं. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यासाठी वर्षभरात येणारा सगळा खर्च. त्यात महिन्याचा पगार असतो, कामगिरीवर मिळणारा व्हेरिएबल असतो, पीएफमधला कंपनीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, बऱ्याचदा आरोग्य विम्याचा हप्ताही असतो. पीएफचा कंपनीचा वाटा बेसिकच्या 12 टक्के धरू. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांच्या बेसिकइतकी, महिन्याचे 26 दिवस धरून, म्हणजे बेसिकच्या सुमारे 4.81 टक्के. ती कायम नोकरीत एरवी पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय हातात पडत नाही, पण सीटीसीत पहिल्या वर्षापासून मोजलेली असते.

आपल्या टेस्टरचे सध्याचे 12 लाख असे फुटतात. व्हेरिएबल 10 टक्के, म्हणजे 1,20,000. उरलेले 10,80,000 फिक्स्ड. त्यातून कंपनीचा पीएफ वाटा, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून साधारण एक लाख बाजूला काढले की वर्षाला 9,80,000 राहतात, म्हणजे महिन्याला 81,667. यातून तिचा स्वतःचा पीएफ 5,400 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की आयकर धरण्याआधी महिन्याला साधारण 76,000 तिच्या खात्यात येतात.

ती फोनवर ‘सोळा’ म्हणाली तेव्हा तिच्या डोक्यात हाच साचा होता: 10 टक्के व्हेरिएबल, बाकी फिक्स्ड. म्हणजे 14,40,000 फिक्स्ड. पण हा साचा तिच्या डोक्यातच राहिला आणि रकान्यात गेलं ते ‘16’. तीन आठवड्यांनी ऑफर येते ती बरोबर सोळा लाखांची. व्हेरिएबल 15 टक्के, म्हणजे 2,40,000. जॉइनिंग बोनस एक लाख, तोही सोळातच धरलेला आणि फक्त पहिल्या वर्षी मिळणारा. उरले 12,60,000. बेसिक महिन्याला 50,000 धरलं आहे, म्हणून कंपनीचा पीएफ वाटा वर्षाला 72,000. ग्रॅच्युइटी सुमारे 29,000 आणि विमा 19,000, असे मिळून 48,000. राहिले 11,40,000, म्हणजे महिन्याला 95,000. त्यातून तिचा पीएफ 6,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की खात्यात 88,800, आयकराआधी.

बारावरून सोळावर, म्हणजे कागदावर 33 टक्के वाढ. महिन्याच्या खात्यात मात्र 76,000 वरून 88,800, म्हणजे जेमतेम 17 टक्के. कंपनीने फसवलेलं नाही. जो आकडा सांगितला तोच दिला. तिने 14,40,000 फिक्स्ड असं लिहून कळवलं असतं आणि कंपनीने ते मानलं असतं, तर आयकराआधी महिन्याला लाखाच्या आसपास खात्यात आले असते. फरक महिन्याला अकरा-बारा हजारांचा आहे, आणि पुढच्या वर्षीची वाढही सहसा फिक्स्डवरच मोजली जाते, म्हणून तो दरवर्षी फुगत जातो.

त्यामुळे मेलमध्ये पगार लिहिताना एकच शिस्त पाळायची: सीटीसीचा आकडा एकटा लिहायचा नाही. फिक्स्ड किती हवं ते लिहायचं आणि व्हेरिएबल, जॉइनिंग बोनस, शेअर्स त्यात धरलेले नाहीत हे सांगायचं. सध्याचा पगारही तसाच फोडून लिहायचा. सध्याच्या पगाराचा आकडा फुगवायचा मोह पुष्कळांना होतो, आणि शेजारच्या क्यूबिकलमधले अनुभवी मित्र तसा सल्लाही देतात. तो ऐकू नये. ऑफरच्या आधी किंवा लगेच नंतर तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म 16 आणि आधीच्या कंपनीचं पत्र मागतात, आणि पार्श्वभूमी तपासणारी संस्था आकडे ताडून बघते. तोंडी फुगवलेला आकडा ‘गैरसमज झाला’ म्हणून सावरता येतो, पण मेलमध्ये लिहिलेला खोटा आकडा ऑफर मागे घ्यायला पुरेसं कारण ठरतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2018 पासून मालकाला उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे तो विचारतात आणि ऑफर बहुधा त्यावरच टक्केवारी लावून बेततात. सांगायचा नसेल तर फोनवरच नम्रपणे नाही म्हणावं. सांगितलाच तर खरा सांगावा.

फोनवर सांगितलेला अपेक्षित आकडा मेलमध्ये वाढवायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. हा मेल झालेलं बोलणं नोंदवण्यासाठी आहे, नव्याने घासाघीस करण्यासाठी नाही. तासाभरापूर्वी सोळा आणि आता अठरा, असं दिसलं की रिक्रूटर मेल बाजूला ठेवतो आणि पुढचा उमेदवार बघतो. फोन ठेवल्यावर आपण कमी सांगितलं असं खरंच वाटलं, तर त्यासाठी वेगळा फोन करावा, कारणासकट सांगावं, आणि मग मेल पाठवावा. एक दार मात्र मेलमध्ये उघडं ठेवता येतं. मुलाखतींनंतर कंपनी कधी कधी वरची किंवा खालची श्रेणी देते. म्हणून ‘हा आकडा सीनियर टेस्ट इंजिनिअरच्या जागेसाठी आहे’ असं लिहिलं, की लीडची जागा देऊ केल्यावर पुन्हा बोलायला जागा राहते आणि शब्द फिरवल्यासारखं दिसत नाही.

गावाबद्दल लोक सगळ्यात कमी लिहितात. पुणे म्हटलं की विषय संपला असं वाटतं. पण कोथरूडला राहणाऱ्या माणसाला हिंजवडी आणि खराडी या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, पावसाळ्यात तर फारच. कार्यालय नेमकं कुठे, आठवड्यातले किती दिवस जायचं, शिफ्ट कुठली, रात्रीची असेल तर कंपनीची गाडी आहे का, हे फोनवर विचारलेलं असतं आणि उत्तरही मिळालेलं असतं. ते उत्तर मेलमध्ये परत लिहायचं: ‘आपण सांगितल्याप्रमाणे कार्यालय खराडीला आणि आठवड्यातून तीन दिवस हजेरी.’ रिक्रूटरने अंदाजाने सांगितलं असेल तर हे वाक्य वाचून तो कंपनीकडे विचारून घेतो. कन्सल्टन्सीतल्या माणसाने ते कार्यालय बहुधा पाहिलेलंही नसतं.

दुसऱ्या शहरांबद्दल ‘ओपन टू रिलोकेट’ असा एक शब्दप्रयोग ट्रॅकरमध्ये असतो, आणि नकार द्यायला संकोच वाटतो म्हणून लोक त्याला हो म्हणतात. परिणाम असा होतो की पुण्याची जागा भरली की तीच प्रोफाइल बंगळुरूच्या जागेसाठी जाते, मुलाखती होतात आणि ऑफर येते बंगळुरूची. दोन्हीकडचे पंधरा दिवस वाया. त्यापेक्षा क्रम लिहावा: पहिलं पुणे, मग नवी मुंबई अमुक अटीवर, बंगळुरू आणि हैदराबाद सध्या नाही. ‘नाही’ लिहिल्याने पुण्याच्या जागेवर काही परिणाम होत नाही.

‘नाही’ का, ते मात्र लिहू नये. आईचं आजारपण, मुलाची शाळा, लग्न ठरतंय, नवऱ्याची नोकरी, यांतलं काहीही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जायची गरज नाही. बायकांना पहिल्याच फोनवर लग्नाबद्दल आणि मुलांबद्दल अजूनही विचारलं जातं. ते विचारणंच गैर आहे, असं मी भरतीच्या कामात असतानाही मानत आले आणि आजही मानते. फोनवर उत्तर दिलं गेलं असलं तरी मेलमध्ये ते आणू नका. लिहिलेली गोष्ट पुढे कुणाकुणाच्या स्क्रीनवर जाईल हे सांगता येत नाही.

प्रत्यक्षात हा मेल इंग्रजीतच जातो. मजकूर समजावा म्हणून तो इथे मराठीत देते. फोनच्या आधी रिक्रूटरने जागेचं वर्णन मेलने पाठवलेलं असतं. त्यालाच उत्तर म्हणून हा मेल पाठवायचा, म्हणजे विषय आणि जागेचा क्रमांक आपोआप सोबत राहतो. आपल्या टेस्टरचा मेल असा असेल:

‘नमस्कार मॅडम,

आज, 10 फेब्रुवारीला, सीनियर टेस्ट इंजिनिअरच्या जागेबद्दल आपलं बोलणं झालं. ठरलेल्या गोष्टी नोंदीसाठी लिहीत आहे.

नोटीस: नेमणूकपत्राप्रमाणे 90 दिवस. मी अजून राजीनामा दिलेला नाही; ऑफर लेटर मिळाल्यावर देईन आणि दिवस तिथून मोजावेत. 30 दिवसांपर्यंतचा बायआउट सध्याच्या कंपनीने मान्य केल्यासच शक्य आहे. ती रक्कम नवी कंपनी भरून देईल का, हे आपण विचारून कळवणार आहात.

पगार: सध्या फिक्स्ड 10.8 लाख, व्हेरिएबल 1.2 लाख. या जागेसाठी अपेक्षा फिक्स्ड 14.4 लाख. व्हेरिएबल आणि जॉइनिंग बोनस यात धरलेले नाहीत.

ठिकाण: पहिली पसंती पुणे. आपण सांगितल्याप्रमाणे कार्यालय खराडीला, आठवड्यातून तीन दिवस हजेरी, दिवसाची शिफ्ट. पूर्ण वेळ हजेरी नसल्यास नवी मुंबईचा विचार करू शकेन. बंगळुरू आणि हैदराबादसाठी माझी प्रोफाइल कृपया पाठवू नये.

यात काही वेगळं नोंदवलं गेलं असेल तर कृपया कळवावं. कंपनीला माहिती देताना हा मेल सोबत जोडलात तर बरं होईल.

आपली,’

आणि खाली नाव, फोन नंबर. एवढंच. अनुभवाचं वर्णन नाही, आपण किती उत्सुक आहोत ते नाही, कारण रेझ्युमे त्यांच्याकडे आहेच. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल इतकाच मेल पुरता वाचला जातो. शेवटची विनंती कन्सल्टन्सीच्या बाबतीत महत्त्वाची आहे, कारण तिथे तुमचं म्हणणं दोन हातांतून जातं. आधी कन्सल्टंट, मग कंपनीतला भरती विभाग. मधल्या हाताने तुमचा मेलच पुढे ढकलला तर अटी गळून पडत नाहीत. कंपनीचाच रिक्रूटर असेल तर हे वाक्य काढून टाकावं.

मेल आपल्या खासगी पत्त्यावरून पाठवायचा, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगायला लागतं. ऑफिसच्या पत्त्यावरून नाही, ऑफिसच्या लॅपटॉपवरूनही नाही. तिथली मेल कंपनी बघू शकते, आणि शेवटच्या दिवशी तो पत्ता बंद झाला की तुमचा पुरावाही त्याच्यासोबत जातो. सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर झालं असेल तरी मेल पाठवावाच, कारण व्हॉट्सॲपवरचा निरोप रिक्रूटरच्या फोनमध्ये राहतो आणि महिन्याभरात तो रिक्रूटरच नोकरी बदलून गेलेला असू शकतो. वेळ शक्यतो त्याच दिवसाची साधावी, संध्याकाळी ट्रॅकर पुढे जायच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवलात तरी चालतो. आठवड्याने पाठवलेला मेल मात्र नोंद राहत नाही, नवी मागणी वाटतो.

उत्तर काय येतं तेही बघावं. कधी ‘नोटेड’ एवढंच येतं. त्याचा अर्थ मेल पोचला, कंपनीने मान्य केलं असा नाही. कधी रिकामं टेबल येतं, ‘हे भरून पाठवा’ म्हणून. तेव्हा ईसीटीसीच्या चौकोनात ‘16’ लिहून मोकळं होऊ नका. त्याच चौकोनात ‘14.4 फिक्स्ड + व्हेरिएबल वेगळा’ असं लिहा, ठिकाणाच्या चौकोनात ‘फक्त पुणे / नवी मुंबई अटीवर’ असं लिहा. चौकोनात अक्षरं टाकायला कुणी अडवत नाही. सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे दुरुस्ती: ‘फिक्स्ड 14.4 या श्रेणीत बसणार नाही, 13.5 पर्यंत जाता येईल.’ वाचून वाईट वाटतं, पण हे तिसऱ्या आठवड्याऐवजी पहिल्याच दिवशी कळलं. मुलाखतींना जायचं की नाही हे आता डोळे उघडे ठेवून ठरवता येतं. काहीच उत्तर आलं नाही तर मागे लागायची गरज नाही. मेल गेला आहे, तारीख त्यावर आहे.

या मेलची मर्यादाही नीट माहीत असावी. तो करार नाही. कंपनीला बांधतं ते ऑफर लेटर आणि नंतरचं नेमणूकपत्र, आणि त्यांत वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं. विशेषतः ठिकाणाच्या बाबतीत. बहुतेक नेमणूकपत्रांत एक ओळ असते की कर्मचाऱ्याची बदली कंपनीच्या कुठल्याही कार्यालयात होऊ शकेल. तुमचा मेल ती ओळ पुसत नाही. पुणे तुमच्यासाठी खरंच अत्यावश्यक असेल, तर कामाचं मूळ ठिकाण पुणे असं ऑफर लेटरमध्येच लिहून मागावं लागतं. मेलचा उपयोग असा की ही मागणी अचानक आलेली वाटत नाही.

त्याचा खरा उपयोग होतो तो पगाराच्या चर्चेच्या फेरीत. तिथे बोलणारा माणूस सहसा वेगळा असतो. त्याने तुमचा आवाज ऐकलेला नसतो, त्याच्यासमोर ट्रॅकरची ओळ असते आणि ओळीत ‘16’. तो म्हणतो, ‘तुमची अपेक्षा सोळाची होती, आम्ही सोळा देतोय.’ अशा वेळी वाद घालण्यापेक्षा 10 फेब्रुवारीचा मेल त्याला फॉरवर्ड करायचा आणि म्हणायचं, ‘सर, मी फिक्स्ड 14.4 कळवलं होतं, मेल पाठवलाय, बघून घ्या.’ दर वेळी आकडा बदलतोच असं नाही. कंपनीच्या श्रेणीची वरची मर्यादा असते आणि ती मेलने हलत नाही. पण मर्यादेच्या आत जागा असेल तर जॉइनिंग बोनस सीटीसीच्या बाहेर काढणं, व्हेरिएबल 15 वरून 10 टक्क्यांवर आणणं, अशा दुरुस्त्या होतात, कारण त्या करायला आतल्या माणसालाही वर दाखवायला कागद लागतो.

ऑफर लेटर आलं की तीन जागा बघायच्या आणि मेल शेजारी उघडा ठेवून बघायच्या. परिशिष्टातल्या पगाराच्या तक्त्यात फिक्स्डची बेरीज, पहिल्या पानावर कामाचं ठिकाण, आणि रुजू व्हायची तारीख. ही तारीख 11 मे पडली असेल तर ती आधी 1 जून करून घ्यायची. बायआउट भरून देऊ असं फोनवर सांगितलं असेल तर ते किती दिवसांचं, किती रकमेपर्यंत आणि कुठल्या अटीवर, तेही त्या पत्रात किंवा निदान उत्तराच्या मेलमध्ये आलेलं असावं. हे सगळं जुळल्यावर होकार कळवायचा, आणि सध्याच्या मॅनेजरला राजीनाम्याचा मेल त्यानंतर.